पाचही उत्तरे बरोबर येतील, म्हणून टाचण परत

प्रकरण: इयत्ता सहावी, गणित, उपघटक 'दशांश अपूर्णांकांची तुलना', तासिका ३५ मिनिटे, पटावर ४० विद्यार्थी

सराव पाठाच्या दोन दिवस आधी एका छात्राध्यापिकेचे हे पाठाचे टाचण माझ्याकडे दुसऱ्या वाचनासाठी आले. पहिले वाचन सहकारी सरांनी केले होते आणि २० पैकी १७ गुण दिले होते. मी ११ दिले. दोन निरीक्षकांच्या गुणांत एवढी तफावत पडली की दोघांनी समोरासमोर बसून एकेक रकाना तपासायचा, असा आमचा रिवाज आहे. त्या बैठकीत जे निघाले आणि त्यानंतर त्या पाठाचे जे झाले, ते इथे लिहिते आहे. छात्राध्यापिकेची परवानगी घेतली आहे. तिचे नाव मात्र देत नाही.

टाचण कसे होते

दिसायला नेटके. अक्षर सुरेख, समास आखलेले, एकही रकाना रिकामा नाही. डावीकडे शिक्षककृती, मध्ये विद्यार्थीकृती, उजवीकडे फलकलेखन. शैक्षणिक साहित्यात स्थानिक किमतीचा तक्ता, शतांश चौकटींचे कागद (१० × १० घरांचा चौरस) आणि रंगीत खडू.

उद्दिष्टे पाच होती. विद्यार्थ्याला दशांश अपूर्णांकाची संकल्पना समजते. विद्यार्थी दोन दशांश अपूर्णांकांची तुलना करतो. विद्यार्थी दशांश अपूर्णांक चढत्या क्रमाने मांडतो. विद्यार्थी दैनंदिन जीवनात दशांश अपूर्णांकांचे उपयोजन करतो. विद्यार्थ्यामध्ये गणिताविषयी आवड निर्माण होते.

वेळेची विभागणी अशी: प्रस्तावना ५ मिनिटे, हेतुकथन १, तक्त्यावरून नियम सांगणे ८, फलकावर उदाहरणे ४, गटकृती ८, संकलन २, मूल्यमापन ५, स्वाध्याय २. बेरीज बरोबर ३५. ही बेरीज इतकी काटेकोर जुळली की मला तिथेच थोडी शंका येते, पण ते पुढे.

मूल्यमापनाचे पाच प्रश्न होते. पहिल्या चारांत मोठी संख्या ओळखायची, पाचव्यात चढता क्रम लावायचा:

१) ०.७५ आणि ०.४
२) ३.८२ आणि ३.५
३) ०.६४ आणि ०.३
४) २.९ आणि १.४
५) ०.२, ०.४७८, ०.३५

सहकारी सरांनी या पाच प्रश्नांखाली शेरा दिला होता: "मूल्यमापन उद्दिष्टांशी सुसंगत." त्यांचे म्हणणे सरळ होते. उद्दिष्टात तुलना आहे, प्रश्नात तुलना आहे. उद्दिष्टात चढता क्रम आहे, प्रश्नात चढता क्रम आहे. मग आणखी काय हवे?

मागून वाचताना

मी टाचण मागून वाचते. आधी मूल्यमापन, मग कृती, उद्दिष्टे सगळ्यांत शेवटी. पुढून वाचायला घेतले की उद्दिष्टांतले शब्द डोक्यात बसतात आणि पुढे येणारी प्रत्येक गोष्ट त्यांना धरूनच आहे असे वाटत राहते. 'तुलना करतो' वाचलेल्या डोळ्याला पाचव्या पानावर 'तुलना करा' दिसले की तो समाधानाने पुढे सरकतो.

आणि मूल्यमापनाचे प्रश्न मी स्वतःच्या डोक्याने सोडवत नाही. त्या घटकात हमखास चुकणारे एखादे मूल डोळ्यांसमोर आणते आणि त्याच्या पद्धतीने सोडवते. दशांश अपूर्णांकांच्या तुलनेत अशी दोन मुले प्रत्येक वर्गात सापडतात. पहिल्याला वाटते, ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी. दशांश चिन्हाच्या पुढचा भाग तो पूर्ण संख्येसारखा वाचतो, म्हणून त्याच्या लेखी ०.४५ हा ०.६ पेक्षा मोठा, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. दुसऱ्याची समजूत नेमकी उलटी: अंक कमी ती मोठी. दशांशापेक्षा शतांश लहान असतात एवढे त्याने पक्के धरलेले असते, किंवा व्यवहारी अपूर्णांकांत छेद वाढला की तुकडा लहान होतो हे आठवून तो तेच इथे लावतो. त्याच्या लेखी ०.३ हा ०.४७ पेक्षा मोठा. गणित शिक्षणाच्या संशोधनात या दोन्ही समजुतींवर १९८० च्या दशकापासून बरेच लिहिले गेले आहे, पण कोणत्याही सहावीच्या शिक्षकाला त्या वह्या तपासतानाच भेटतात.

आता पहिल्या मुलाला, म्हणजे 'लांब ती मोठी' म्हणणाऱ्याला, या टाचणातले पाच प्रश्न देऊन पाहू. ०.७५ आणि ०.४: लांब ०.७५, उत्तर बरोबर. ३.८२ आणि ३.५: लांब ३.८२, बरोबर. ०.६४ आणि ०.३: पुन्हा बरोबर. २.९ आणि १.४ मध्ये दशांश चिन्हापुढे बघायचीच गरज नाही, पूर्णांक भागावरच निकाल लागतो. पाचव्यात त्याने फक्त लांबीप्रमाणे लावले तरी ०.२, ०.३५, ०.४७८ असा अचूक चढता क्रम येतो.

पाचपैकी पाच. ज्या मुलाला धडा मुळीच कळला नाही त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि शिक्षिका "९० टक्के विद्यार्थ्यांना आशय समजला" असे नोंदवून पुढच्या घटकाकडे जाते. पुढच्या आठवड्यात दशांशांची बेरीज सुरू झाली की तेच मूल ०.४५ + ०.६ = ०.५१ लिहिते आणि सगळ्यांना आश्चर्य वाटते.

हे तिने मुद्दाम केले नव्हते. प्रश्न तयार करताना आपल्या हातून असेच होते. उदाहरण सुचते तेव्हा मोठी संख्या मनात 'भरगच्च' रूपात येते आणि लहान संख्या आटोपशीर. म्हणून मोठ्या संख्येला दोन अंक, लहानीला एक. मी स्वतः जुन्या प्रश्नपत्रिका काढून पाहिल्या तर माझेही कैक प्रश्न याच साच्यातले निघाले.

सरांना मी हा प्रयोग त्यांच्यासमोर करून दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली, पाचही प्रश्नांवर त्या मुलाच्या उत्तराभोवती गोल केला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मग मूल्यमापनाला चार गुण कशाला दिले मी?"

उद्दिष्टात काय राहून गेले

प्रश्न चुकले याचे मूळ उद्दिष्टाच्या वाक्यात होते. 'विद्यार्थी दोन दशांश अपूर्णांकांची तुलना करतो.' क्रियापद ठीक आहे, दिसणारे वर्तन आहे, 'समजते' सारखे धूसर नाही. आमच्या तपासणी यादीत एवढेच विचारलेले असते, म्हणून त्याला टिकमार्क मिळतो.

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: विद्यार्थी काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती नीट केले म्हणजे पुरे. आपल्याकडे टाचणात पहिला भाग येतो, तिसरा कधीमधी येतो आणि मधला हटकून गळतो. इथे तोच गळला होता. कोणत्या दोन दशांश अपूर्णांकांची तुलना? २.९ आणि १.४ ची तुलना मुलांना आधीच येते. ०.४ आणि ०.७ चीही येते. या तासिकेत नवे आहे ते एकच: दशांश चिन्हापुढच्या अंकांची संख्या असमान असताना तुलना करणे. ही अट वाक्यात लिहिलेली असती तर प्रश्न बनवताना ती हाताला आपोआप लगाम घालती.

बाकीच्या चार उद्दिष्टांवर फार वेळ घालवायची गरज नाही. 'संकल्पना समजते' हे उद्दिष्ट या तासिकेचे नाही, मागच्या चार तासिकांचे आहे. चढता क्रम हे तुलनेचेच पुढचे पाऊल, जमले तर घ्यावे. दैनंदिन उपयोजनासाठी टाचणात ना कृती होती ना प्रश्न. आवड निर्माण होण्याबद्दल मी तिला विचारले तेव्हा ती प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, नमुन्यात भावात्मक उद्दिष्टाचा रकाना आहे. रिकामा ठेवला तर गुण जातात." हे खरे आहे आणि दोष तिचा नाही. रकाने भरण्याची सवय आम्हीच लावतो.

'पॉइंट पंचेचाळीस'

कृतींचा भाग मला या टाचणातला सर्वांत जमलेला वाटला, आणि तरीही त्यात एक ओळ अशी होती की तिने सगळ्या मेहनतीवर पाणी पडले असते. शिक्षककृतीच्या रकान्यात प्रश्न लिहिला होता: "पॉइंट पंचेचाळीस आणि पॉइंट सहा, यांत मोठे काय?"

हा प्रश्न मोठ्याने म्हणून पाहा. कानावर पडते ते 'पंचेचाळीस' आणि 'सहा'. मराठीत तर ही अडचण आणखी वाढते. 'पंचेचाळीस' हा एकसंध शब्द आहे, त्यात चार दशक आणि पाच एकक मुलाला ऐकू येत नाहीत, मग चार दशांश आणि पाच शतांश कुठून येणार? म्हणजे ज्या चुकीच्या समजुतीवर हा पाठ बेतला आहे ती समजूत प्रश्न विचारतानाच शिक्षिका मुलांच्या कानात घालते. 'शून्य पूर्णांक चार पाच' असे वाचले तर निदान ४५ ही संख्या तयार होत नाही. 'चार दशांश पाच शतांश' असे वाचले तर तुलनेचे अर्धे काम वाचनातच होते: चार दशांश विरुद्ध सहा दशांश.

प्रस्तावनेतही असाच एक सापळा होता. तिने दोन मुलांची उंची घेतली होती, १.५२ मीटर आणि १.४८ मीटर. उदाहरण जवळचे आहे, मुले उत्साहाने उत्तर देतात. पण मीटरमधली उंची काय किंवा पैसे काय, नेहमी दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहिले जातात. तिथे असमान लांबीचा प्रश्न उद्भवतच नाही आणि ५२ व ४८ अशी पूर्ण संख्यांची तुलना करूनही काम भागते. त्यामुळे पाच मिनिटांची ही प्रस्तावना मुलांच्या जुन्या सवयीला शाबासकी देऊन संपते.

मुख्य प्रतिपादनात नियम असा होता: दशांश चिन्हापुढचे अंक समान होईपर्यंत शेवटी शून्ये लिहा आणि तुलना करा. नियम बरोबर आहे, उत्तर नेहमी बरोबर येते. पण तो आधी दिला तर मूल ०.६ चे ०.६० करते आणि पुन्हा ६० व ४५ अशा पूर्ण संख्यांचीच तुलना करते. शून्य जोडल्याने किंमत का बदलली नाही हे त्याला कोणी विचारत नाही. शतांश चौकटीची कृती हे दाखवू शकत होती: सहा उभ्या पट्ट्या म्हणजेच साठ घरे. टाचणात मात्र नियम आधी आणि चौकट नंतर होती, त्यामुळे चौकट केवळ नियमाची सजावट झाली होती. क्रम उलटा करायला हवा होता, एवढीच गोष्ट.

विद्यार्थीकृतीच्या रकान्याबद्दल एक. तिथे अकरापैकी आठ ओळी 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' किंवा 'विद्यार्थी योग्य उत्तर देतात' अशा होत्या. योग्य उत्तर दिले तर पुढे काय ते लिहिलेले, अयोग्य दिले तर काय याची एकही ओळ नाही. टाचण वाचताना मी या रकान्यात चुकीचे उत्तर शोधते. ते सापडले नाही तर समजते की पाठाचा विचार फळ्याच्या बाजूने झाला आहे, बाकाच्या बाजूने नाही.

आठ मिनिटांची गटकृती

आता ती बेरीज. आठ मिनिटांत बसवलेली गटकृती अशी होती: पाच-पाच जणांचे आठ गट करणे, प्रत्येक गटाला दोन चौकटी देणे, एकीत ०.६ आणि दुसरीत ०.४५ रंगवणे, चर्चा करणे, प्रत्येक गटप्रमुखाने पुढे येऊन निष्कर्ष सांगणे.

वेळ तपासताना मी मिनिटांची बेरीज करत नाही. मुलाचा हात काय करतो आहे ते ओळीने मांडते. बाके फिरवून गट व्हायला दोन मिनिटे, तीही वर्गाला सवय असेल तर. कागद आणि खडू वाटायला एक. सूचना द्यायला एक, आणि ती पुन्हा सांगावी लागतेच. मग रंगवणे. ६० आणि ४५ मिळून १०५ घरे. सहावीचे मूल रेघेबाहेर रंग जाऊ नये म्हणून जिभेचे टोक ओठांत धरून रंगवते, त्याला घाई करता येत नाही. एकाच्या हाती रंग, चौघे बघे. चार मिनिटे धरली तरी हात आखडता घेतला असे होईल. चर्चेला दोन. आणि आठ गटप्रमुख, येणे-जाणे धरून प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे आठ. एकूण अठरा.

आठच्या जागी अठरा. ही दहा मिनिटे कुठून जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. मागून जाणार. संकलन, मूल्यमापन आणि स्वाध्याय मिळून नऊ मिनिटे आहेत, ती सगळी यात बुडतात. टाचणातल्या वेळेच्या चुकीची किंमत बहुधा मूल्यमापनच मोजते, कारण ते रांगेत शेवटी उभे असते. घंटा होते, फळ्यावरचे प्रश्न 'घरून करून आणा' होतात, आणि टाचणात मूल्यमापन असूनही पाठात नसते.

म्हणून गुण देताना मी वेळ आणि मूल्यमापन वेगवेगळे धरत असले तरी वाचताना एकत्र वाचते. आमच्या गुणांची फोड अशी होती: उद्दिष्टांना ५ पैकी सरांचे ४, माझे ३. कृतींना ५ पैकी ५ आणि ४. वेळेला ४ पैकी ४ आणि २. मूल्यमापनाला ६ पैकी ४ आणि २. सहा गुणांच्या फरकातले चार या शेवटच्या दोन रकान्यांतले होते. मूल्यमापनात मी शून्य दिले नाही, कारण प्रश्न आशयाला धरून होते, भाषा स्वच्छ होती आणि वर्गात सोडवण्याजोगे होते. ते फक्त काही मोजत नव्हते.

परत दिलेले टाचण

तिला टाचण परत देताना मी लाल शाईत फारसे लिहिले नाही. पाच प्रश्नांचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "ज्याला वाटते लांब संख्या मोठी, त्याच्या वतीने हे सोडवा." तिसऱ्या प्रश्नापाशी ती थांबली. "मॅडम, हा तर पास होतोय."

"पुढे सोडवा."

तिने पाचही सोडवले आणि मग तिनेच विचारले, "मग त्याला पकडायचे कसे?" पाठावरची चर्चा या प्रश्नापासून सुरू झाली की निम्मे काम झालेले असते.

पकडायला दोन प्रश्न लागतात. एक असा, की आखूड संख्या मोठी असेल: ०.४५ आणि ०.६. दुसरा असा, की लांब संख्या मोठी असेल: ०.३ आणि ०.४७. दोन्ही बरोबर आले तर मूल बहुधा मार्गावर आहे. पहिला चुकला आणि दुसरा बरोबर, तर 'लांब ती मोठी'. पहिला बरोबर आणि दुसरा चुकला, तर 'आखूड ती मोठी'. एकटा कोणताही प्रश्न पुरत नाही, कारण प्रत्येक प्रश्नात दोनपैकी एक चुकीची समजूत बरोबर उत्तर देतेच. अंदाजाने दोन्ही बरोबर येण्याची शक्यता चारात एक आहे, म्हणून त्यांच्या जोडीला 'कारण एका ओळीत लिहा' हवे. आणि ०.४ व ०.४० सारखा एखादा समान जोडीचा प्रश्न असला तर दोन्ही समजुती एकदम उघड्या पडतात.

दुसऱ्या दिवशी आलेल्या टाचणात उद्दिष्ट एकच होते: 'दशांश स्थळांची संख्या असमान असलेल्या दोन दशांश अपूर्णांकांपैकी मोठा अपूर्णांक विद्यार्थी ओळखतो आणि स्थानिक किमतीच्या आधारे कारण सांगतो.' चढता क्रम स्वाध्यायात गेला. सुरुवातीला उंचीच्या जागी तीन मिनिटांची चिठ्ठी आली, त्यावर वरचेच दोन प्रश्न. मग तीन मिनिटे हात वर करून कौल, कोणते उत्तर बरोबर ते न सांगता. त्यानंतर दहा मिनिटे जोडीकाम. शेजारी बसलेल्या दोघांना एक कागद, त्यावर चार छापील चौकटी, रंगवायचे नाही, फक्त पेन्सिलीने हद्द आखायची. गट करणे नाही, गटप्रमुख नाही. फिरताना तिने दोन जोड्यांचे कागद निवडायचे आणि फलकावर सहा मिनिटे त्यांच्याच आधारे बोलायचे. मग चार मिनिटे शून्य जोडण्याची रीत, चौकटीकडे बोट दाखवून. तीन मिनिटे राखीव. शेवटी पाच मिनिटांची चिठ्ठी आणि एक मिनिट स्वाध्याय.

राखीव तीन मिनिटांवर सर हरकत घेतील असे तिला वाटले होते. त्यांनी त्यावर बरोबरची खूण केली.

फलकलेखनात एक वाक्य मी सुचवून घातले: 'दशांश हा शतांशापेक्षा मोठा.' पाठाचे सार एका ओळीत, असे मला वाटले. या टाचणाला आम्ही दोघांनी मिळून १८ गुण दिले.

पाठ झाला तेव्हा

त्या दिवशी ३६ मुले हजर होती. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांत १७ मुले 'लांब ती मोठी' या गटात निघाली, १४ जणांचे दोन्ही बरोबर, २ जण 'आखूड ती मोठी' आणि ३ जणांचे दोन्ही चूक. म्हणजे पहिल्या टाचणातले प्रश्न दिले असते तर या सतरांना शिकवण्याआधीच पैकीच्या पैकी मिळाले असते.

जोडीकाम दहाऐवजी तेरा मिनिटे चालले, राखीव वेळ तिथे खर्च झाला. एका जोडीने ०.४५ साठी चार पट्ट्या आखल्या आणि पाच घरे कुठे मोजायची यावर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. एक म्हणे पाचव्या पट्टीत, दुसरा म्हणे बाहेर कुठेही. छात्राध्यापिकेने तोच कागद फलकासाठी निवडला. चांगली निवड होती.

शेवटच्या चिठ्ठीत संख्या बदलल्या होत्या: ०.३८ आणि ०.७, ०.२ आणि ०.५१, शिवाय ०.४ आणि ०.४०. कारण पहिल्या दोन्हींचे लिहायचे होते. पहिल्या दोन प्रश्नांवरून वाटणी केली तर २६ जणांचे दोन्ही बरोबर, ४ जण अजून 'लांब ती मोठी', एकाचे दोन्ही चूक. आणि 'आखूड ती मोठी' वाले २ चे ५ झाले होते.

हे पाच कागद आम्ही तिघांनी टेबलावर ओळीने मांडले. एकावर दुसऱ्या प्रश्नासमोर ठळक अक्षरांत लिहिले होते: "०.२ मोठा. कारण दशांश मोठे असतात, शतांश बारीक." दुसऱ्या दोघांनी शब्द थोडे बदलले होते, अर्थ तोच. वाक्य कुठून आले हे शोधायला लांब जावे लागले नाही. ते तासिकाभर फलकाच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत होते आणि ते मी घातले होते. एक दशांश हा एका शतांशापेक्षा मोठा, एवढे खरे. त्या वाक्यात 'एक' नव्हता, आणि किती शतांश हा प्रश्न त्याने बंदच करून टाकला. टाचण तपासताना प्रश्नांवर चुकणाऱ्या मुलाला बसवले, पण माझ्याच वाक्यापुढे त्याला बसवायचे राहिले. १८ गुणांमधला एक मी स्वतःच्या नावावर कापला. सरांनी तो हसून नोंदवून घेतला.

छात्राध्यापिकेने ते पाच कागद टाचणवहीत पिनने लावले. पुढच्या तासिकेच्या टाचणात विद्यार्थीकृतीच्या रकान्यात पहिली ओळ आहे: 'काही विद्यार्थी ०.२ मोठा असे सांगतील.' आणि तिच्या समोर शिक्षककृतीत: 'चौकटीत दोन पट्ट्या आणि एक्कावन्न घरे आखायला सांगणे. उत्तर स्वतः न सांगणे. वेळ ४ मिनिटे.'